कीस शिजेपर्यंतची ४० मिनिटे : ऑनलाइन पाककला वर्गाच्या थेट उद्घाटनासाठी संहिता कशी लिहावी

ऑनलाइन पाककला वर्ग सुरू करणारी व्यक्ती उद्घाटनाच्या थेट प्रक्षेपणासाठी जेव्हा पहिल्यांदा संहिता लिहायला बसते, तेव्हा ती बहुधा भाषण लिहिते आणि पदार्थ त्याच्या बाजूला शिजत राहील असे गृहीत धरते. प्रत्यक्षात घडते ते उलट. शुल्काविषयी बोलण्याची वेळ आणि कढईतील ऐवज तळाला लागण्याची वेळ एकच येते, हात एकीकडे आणि जीभ दुसरीकडे राहते, आणि प्रेक्षकांना दोन्ही गोष्टी अर्धवट मिळतात. म्हणून या लेखात सांगितलेली पद्धत एका नियमावर उभी आहे: आधी पदार्थाचे वेळापत्रक लिहावे आणि मग त्याच्या मोकळ्या जागांमध्ये बोलणे बसवावे.

उदाहरण इंदूरचे घेतले आहे. रामबागेत घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका बाईंना ‘माळव्यातील मराठी स्वयंपाक’ या नावाचा सहा रविवारांचा ऑनलाइन वर्ग सुरू करायचा आहे, असे समजू. शुल्क २,४०० रुपये, पहिला वर्ग रविवार, ३० ऑगस्ट रोजी, नावनोंदणी गुरुवार, २७ ऑगस्टपर्यंत, आणि थेट प्रक्षेपण शनिवार, २२ ऑगस्ट रोजी सायंकाळी पाच वाजता यूट्यूबवर. मदतीला घरातील एकच माणूस, समजा भाचा, जो कॅमेरा सांभाळेल आणि टिप्पण्या वाचेल.

पहिली पायरी : पदार्थ निवडणे

थेट प्रक्षेपणासाठी पदार्थ निवडताना त्याची चव किंवा लोकप्रियता यापेक्षा एक वेगळा गुण पाहावा लागतो, तो म्हणजे मध्यावर सात-आठ मिनिटे हात पूर्ण मोकळे राहतील असा टप्पा त्यात आहे की नाही. वर्गाची माहिती, शुल्क आणि तारखा त्या टप्प्यात सांगायच्या असतात. वाफेवरच्या इंदुरी पोह्यांत असा टप्पा मिळतो, पण तो फार लवकर संपतो आणि वाफेखेरीज पाहण्यासारखे काही घडत नाही. दाल-बाफल्यांत मोकळा वेळ भरपूर असतो, कारण बाफले आधी उकळत्या पाण्यात शिजतात आणि मग भाजले जातात. मात्र तो पदार्थ ४० मिनिटांत आटोपत नाही आणि ‘हे मी आधीच करून ठेवले आहे’ हे वाक्य वारंवार म्हणावे लागते, ज्याचा पाहणाऱ्यांना लवकर कंटाळा येतो. भुट्ट्याचा कीस या दोन्हींच्या मधला आहे. त्यात किसण्याची क्रिया डोळ्यांना दिसते, परतताना बोलता येते, आणि दूध घालून झाकण ठेवले की माणूस मोकळा होतो. ऑगस्टात देशी भुट्टा बाजारात असतो, हाही मुद्दा आहेच. याच कारणाने वर्गात काय शिकवणार हे सांगताना गराडूचे नाव घेऊ नये. तो हिवाळ्यातील कंद आहे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस संपणाऱ्या वर्गात तो कोणाच्याही हाती येणार नाही.

दुसरी पायरी : कढईचे वेळापत्रक

संहितेचा एकही शब्द लिहिण्यापूर्वी पदार्थ घड्याळ लावून, न बोलता, एकदा करावा आणि प्रत्येक टप्प्याची मिनिटे कागदावर मांडावीत. चार मध्यम भुट्ट्यांचा कीस, तीन मोठे चमचे तूप आणि दीड ते दोन वाट्या सायीचे दूध एवढे प्रमाण घेतले, तर वेळ साधारणपणे अशी लागते. फोडणीला एक-दोन मिनिटे. मंद आचेवर कीस परतायला आठ-नऊ मिनिटे, म्हणजे कच्चा वास जाऊन कडेने तूप सुटू लागेपर्यंत. दूध घालून झाकल्यावर ते आटेपर्यंत आणखी आठ-नऊ मिनिटे, मध्ये एकदा ढवळून. शेवटी मीठ, चिमूटभर साखर, गॅस बंद केल्यावर लिंबू, वर कोथिंबीर आणि खोबरे यांना तीन-चार मिनिटे.

हे आकडे आपल्या कढईवर, आपल्या शेगडीवर आणि त्या आठवड्यात मिळणाऱ्या भुट्ट्यावर पुन्हा तपासणे आवश्यक आहे, कारण संहितेचा सगळा डोलारा यावरच उभा राहतो. दाण्यात नख रोवल्यावर दुधासारखा रस आला, तर भुट्टा कोवळा आहे आणि वरील वेळ लागू पडेल. रस न येता दाणा नुसताच दबला, तर तो जून झाला आहे. तो दूध जास्त पितो, रवाळ राहतो आणि झाकणाचा टप्पा लांबतो. अमेरिकन गोड मक्यात पाण्याचा अंश जास्त असल्यामुळे त्याचा कीस चिकट होण्याकडे झुकतो आणि गोडही लागतो, म्हणून तो वापरायचा असल्यास दूध कमी घ्यावे आणि साखर टाळावी. दूध फ्रिजमधून थेट घातले, तर कढई थंड पडून दोन-तीन मिनिटे वाया जातात. थेट प्रक्षेपणात ही मिनिटे नेमकी शुल्काच्या वाक्यांवर येऊन आदळतात. दूध आधी तापवून कोमट ठेवावे आणि ‘दूध कोमट’ ही नोंद संहितेच्या पहिल्या पानावर करावी.

तीन भुट्टे आधी किसून झाकून ठेवावेत आणि एक भुट्टा कॅमेऱ्यासमोर किसण्यासाठी राखावा. मिक्सर लावण्याचा मोह टाळावा. कीस लगदा होतो हे एक, आणि मिक्सरचा आवाज माइकवर आला की प्रेक्षक आवाज कमी करतात व नंतर वाढवायला विसरतात हे दुसरे.

तिसरी पायरी : ४० मिनिटांची आखणी

कढईचे वेळापत्रक हाती आले की बोलण्याचे खण आपोआप दिसू लागतात. आपल्या उदाहरणात ते असे पडतात: शून्य ते दोन मिनिटे सुरुवात आणि किसणे, दोन ते पाच ओळख, पाच ते सात फोडणी, सात ते सोळा परतणे आणि शिकवणे, सोळा ते पंचवीस झाकण आणि वर्गाची माहिती, पंचवीस ते एकोणतीस शेवटचा हात आणि वाढणे, एकोणतीस ते सदतीस प्रश्नोत्तरे, सदतीस ते चाळीस समारोप.

प्रत्येक खणात किती शब्द मावतात, हे अंदाजाने ठरवू नये. आपण एरवी मिनिटाला सव्वाशे शब्द बोलत असलो, तरी हातात कालथा असताना वेग शंभरापर्यंत उतरतो, कारण मध्येच वाकून पाहावे लागते. स्वतःचा वेग मोजण्यासाठी कांदा चिरता चिरता कोणताही मजकूर पाच मिनिटे मोठ्याने बोलून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि शब्द मोजावेत. झाकणाचा खण नऊ मिनिटांचा आहे, म्हणून त्यात नऊशे शब्द लिहायचे नाहीत. पाचशेच्या आसपास थांबायचे. उरलेला वेळ एकदा झाकण काढून ढवळण्यात, भाच्याने दिलेली चिठ्ठी वाचण्यात आणि श्वास घेण्यात जातो.

शब्दशः लिहावेत असे भाग माझ्या मते तीनच आहेत: पहिली दोन मिनिटे, वर्गाची माहिती आणि समारोप. बाकीच्या खणांसाठी चार-पाच शब्दांच्या खुणा पुरतात, कारण स्वयंपाक शिकवताना अनुभवी माणसाचे बोलणे हातातून येते आणि ते पाठ करून म्हटले की लगेच पोपटपंची वाटते.

चौथी पायरी : पहिली दोन मिनिटे

‘मंडळी, अजून लोक जोडले जात आहेत, थोडे थांबू या’ या वाक्याने सुरुवात करण्याची प्रथा पडली आहे आणि ती सोडून द्यावी. वेळेवर आलेल्यांना त्यात शिक्षा होते, आणि नंतर मुद्रण पाहणाऱ्यांना पहिला अनुभव रिकामपणाचा येतो. चित्र सुरू होताच हात किसणीवर असावेत. सुरुवातीचे बोलणे पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

(०:०० – कॅमेरा किसणीवर, चेहरा नाही.)
“नमस्कार. हा देशी भुट्टा आहे आणि पुढच्या अर्ध्या तासात आपण त्याचा कीस करणार आहोत. इंदुरात सराफ्यात रात्री उभे राहून खाल्ला असेल, तर त्याची चव आपल्या ओळखीची आहे. पण घरी केला की तो तळाला लागतो किंवा त्याचा गोळा होतो, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. तो का लागतो, ते आज कढईतच पाहू.”

(०:४० – कॅमेरा चेहऱ्यावर. किसणे चालू.)
“मी इंदूरहून, रामबागेतल्या माझ्या स्वयंपाकघरातून बोलते आहे. माळव्यातल्या मराठी घरांत जे रोज शिजते, ते शिकवणारा वर्ग ३० ऑगस्टपासून सुरू करते आहे. त्याची सगळी माहिती, शुल्कासकट, दूध आटत असताना सांगेन, म्हणजे साधारण सोळाव्या मिनिटाला. ज्यांना फक्त कीस शिकायचा आहे, त्यांनीही निःसंकोच थांबावे. कृती पूर्ण दाखवणार आहे.”

(१:३० – किसणी खाली. खुणेचे कार्ड: प्रश्न १.)
“आपल्या गावात देशी भुट्टा मिळतो की फक्त अमेरिकन, ते मला लिहून कळवा.”

या मजकुरात शुल्क कधी सांगणार, याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. विक्रीचा भाग केव्हा येणार हे ठाऊक नसले की प्रेक्षक प्रत्येक वाक्यात त्याची चाहूल घेत बसतात. वेळ सांगून टाकली की ते निश्चिंतपणे कढईकडे पाहू लागतात.

पाचवी पायरी : प्रश्न आणि उत्तराच्या मधली पोकळी

थेट प्रक्षेपण नावापुरतेच त्या क्षणाचे असते. चित्र प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात, यूट्यूबवर निवडलेल्या विलंबाच्या पर्यायानुसार ती कमीजास्त होतात, आणि त्यानंतर माणूस लिहायला वेळ घेतो. म्हणजे प्रश्न विचारल्यापासून पहिले उत्तर दिसेपर्यंत अर्धा मिनिट सहज जातो. नवशिके येथे गडबडतात. पडद्याकडे पाहत राहतात आणि ‘कोणी लिहीत का नाही?’ असे म्हणून स्वतःलाच ओशाळे करून घेतात.

यावर उपाय असा की प्रत्येक प्रश्नाच्या पाठोपाठ अर्ध्या मिनिटाचे भरणीचे बोलणे संहितेतच लिहून ठेवावे, आणि ते त्या प्रश्नाशी संबंधित असावे. वरील प्रश्नानंतर नख रोवून दाणा तपासण्याची पद्धत दाखवावी: कोवळा दाणा दाखवायचा, मग मुद्दाम बाजूला ठेवलेला जून दाणा दाखवायचा, आणि दोहोंतील फरक सांगायचा. तेवढ्यात उत्तरे आलेली असतात. भाच्याने त्यांतील दोनच निवडून मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहावीत, आणि बाईंनी गावाचा उल्लेख करून ती वाचावीत. वाहत्या टिप्पण्या स्वतः वाचण्याचा प्रयत्न करू नये. त्यासाठी मान वळते, कालथा थांबतो आणि कीस लागतो.

४० मिनिटांत असे प्रश्न तीनच ठेवावेत. त्यापेक्षा जास्त झाले, तर स्वयंपाकाचे सूत्र सुटते.

सहावी पायरी : खुणांची कार्डे

संहिता हातात धरता येत नाही, कारण हात ओले किंवा तुपकट असतात. ओट्यावर ठेवली तर मान खाली राहते. म्हणून जाड पुठ्ठ्याची कार्डे करून ती कॅमेऱ्याच्या लगेच वर, डोळ्यांच्या रेषेत, दोरीला चिमट्यांनी लावावीत. हातांनी करायच्या गोष्टी लाल रंगात, बोलायच्या गोष्टी काळ्यात आणि भाच्यासाठीच्या सूचना निळ्यात लिहिल्या की एका दृष्टिक्षेपात आपली ओळ सापडते. सोळाव्या मिनिटाच्या कार्डावर लाल अक्षरांत ‘दूध. झाकण. आच मंद. घड्याळ लाव.’ एवढेच असावे. काळ्या अक्षरांत ‘सहा रविवार – काय – कोणासाठी नाही – २,४०० – २७ ऑगस्ट’. आणि निळ्या अक्षरांत ‘कॅमेरा चेहऱ्यावर, लिंक पिन कर’.

भाच्याकडे वेगळी चार कार्डे द्यावीत: ‘हळू’, ‘आवाज येत नाही’, ‘खाली पाहा’ आणि ‘दोन मिनिटे’. ‘खाली पाहा’ याचा अर्थ कढईकडे पाहा असा आहे, आणि परतण्याच्या खणात ते सर्वांत जास्त उपयोगी पडते. बोलण्याच्या भरात कालथ्याची फेरी छोटी होत जाते आणि मधला कीस फिरतो, कडेचा तसाच राहतो. कडेला बदामी रेघ दिसू लागली की भाच्याने हे कार्ड उचलायचे.

फोडणीच्या खणात कार्ड कोरे ठेवावे. तुपात मोहरी पडल्यावर कॉलरला लावलेल्या माइकवर तडतडण्याखेरीज काही ऐकू येत नाही, आणि त्या आवाजावर मात करण्यासाठी ओरडणे बरे दिसत नाही. फोडणीत काय घालणार ते आधी सांगावे, मग मोहरी, जिरे, हिंग आणि मिरची घालून अर्धा मिनिट गप्प राहावे. प्रेक्षकांना तो आवाज आवडतो. तोच नियम चिमणीच्या पंख्यालाही लागू आहे. तो पूर्ण वेळ बंद ठेवावा आणि त्यामुळे धूर होणार नाही इतकीच आच ठेवावी.

सातवी पायरी : झाकणाखालची नऊ मिनिटे

हा संहितेचा गाभा आहे आणि तो शब्दशः लिहावा. क्रम असा असावा की आधी वर्गात काय होईल, मग तो कोणासाठी नाही, मग शुल्क, मग तारखा, आणि शेवटी पैसे परत मिळण्याची अट. शुल्क शेवटी पुटपुटून टाकण्याची सवय वाईट आहे. ते पूर्ण आकड्यात, एका वाक्यात सांगावे आणि त्यानंतर दोन सेकंद थांबावे.

(१६:०० – दूध ओतले, झाकण ठेवले, कॅमेरा चेहऱ्यावर.)
“आता याला आठ-नऊ मिनिटे आपली गरज नाही, मध्ये एकदा ढवळण्यापुरतीच आहे. तोवर वर्गाविषयी सांगते. सहा रविवार, सकाळी दहा ते साडेअकरा, झूमवर आपण एकत्र स्वयंपाक करू. वाफेवरचे पोहे आणि घरचे जिरावण, दाल-बाफले, कीस आणि उरलेल्या किसाचे थालीपीठ, असे पदार्थ आहेत. पूर्ण यादी वर्णनात दिली आहे. मी आधी करून दाखवणार आणि तुम्ही नंतर करणार, असे नाही. आपण सगळे एकाच वेळी कढई चढवू.”

(१७:३० )
“ज्यांना रविवारी सकाळी दीड तास ओट्यापाशी उभे राहणे जमणार नाही, त्यांनी हा वर्ग घेऊ नये. मुद्रण मिळेल, पण मुद्रणातून तुमची आच मला दिसणार नाही.”

(१८:०० – थांबा.)
“जागा २४ आहेत. झूमवर माझ्या एका पडद्यावर पंचवीस चौकटी दिसतात, त्यांतली एक माझी. पान उलटावे लागले, तर मागच्या पानावरची कढई करपेपर्यंत मला कळणार नाही, म्हणून २४.”

(१८:४० )
“शुल्क २,४०० रुपये, सहाही वर्गांचे मिळून, सर्व करांसह. यावर एक रुपयाही वाढणार नाही.”

(दोन सेकंद शांतता. २०:०० – झाकण काढा, ढवळा, कढई दाखवा.)

या भागात दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीनेही सांभाळाव्या लागतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतील फसव्या युक्त्यांविषयी मार्गदर्शक सूचना जारी केल्या आणि त्यांत १३ प्रकार नमूद केले. त्यांतील खोटी घाई आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी किंमत हे दोन प्रकार थेट प्रक्षेपणात सहज हातून घडतात. ‘फक्त तीन जागा उरल्या’ हे वाक्य संहितेत आधी लिहून ठेवणे म्हणजे खोटी घाईच, कारण लिहिताना किती जागा उरतील हे कोणालाच ठाऊक नसते. त्याऐवजी ‘या क्षणी किती जागा भरल्या, ते भाचा सांगेल’ अशी खूण ठेवावी आणि जो खरा आकडा असेल, तो बोलावा; तो दोन असला तरीही. तसेच ज्यांची जीएसटी नोंदणी आहे, त्यांनी २,०३४ रुपये सांगून पैसे भरण्याच्या पानावर अठरा टक्के जोडून ते २,४०० करू नयेत. कान २,०३४ ऐकतात आणि बोट २,४०० पाहून थांबते.

पैसे भरण्याविषयी एक व्यवहारी सूचना. बरेच जण पडद्यावर क्यूआर कोड दाखवतात, पण पाहणारा मोबाइलवरच पाहत असेल, तर स्वतःच्या पडद्यावरील कोड त्याच मोबाइलने टिपता येत नाही. त्याला पडद्याचे छायाचित्र काढून ते यूपीआय अॅपमध्ये उघडावे लागते. टीव्हीवर पाहणाऱ्यांसाठी कोड ठीक आहे, परंतु संहितेत आधी ‘पिन केलेल्या टिप्पणीतील लिंकवर जा’ हे वाक्य यावे आणि कोडचा उल्लेख नंतर.

परताव्याची अट अशी लिहावी की तिला दुसरा अर्थ निघू नये: “पहिला वर्ग झाल्यावर, २ सप्टेंबरपर्यंत कळवलेत, तर पूर्ण शुल्क परत मिळेल. त्यानंतर मिळणार नाही.”

आठवी पायरी : बिघाडाची वाक्ये

संहितेच्या शेवटी एक वेगळे पान असावे, ज्यावर काय बिघडू शकते आणि तेव्हा काय बोलायचे, हे लिहिलेले असेल. कीस तळाला लागला, तर करपल्याचा वास बोलणाऱ्याला सर्वांत आधी येतो, प्रेक्षकांना कधीच येत नाही. तरीही तो लपवू नये. तळ खरवडायचा नाही, वरचा कीस दुसऱ्या कढईत काढायचा आणि म्हणायचे: “हा लागला. आच मोठी राहिली होती. लागलेला भाग खाली सोडला, तर वरच्याला वास धरत नाही.” दुसरी कढई ओट्याखाली तयार ठेवलेली असल्याशिवाय या वाक्याचा उपयोग नाही.

दूध फुटण्याचा प्रसंग लिंबामुळे येतो, जेव्हा ते गॅस चालू असताना पिळले जाते. म्हणून शेवटच्या कार्डावर लाल अक्षरांत ‘गॅस बंद – मग लिंबू’ असावे.

संपर्क तुटला, तर परत आल्यावर खुलासे करण्यात वेळ घालवू नये. एकच वाक्य पुरते: “थोडा वेळ आवाज गेला होता, आपण दूध घालून झाकण ठेवले आहे.” घरातील वायफायखेरीज दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवावा, आणि ज्या मोबाइलवरून प्रक्षेपण चालू आहे, त्यावर फोन येणार नाहीत अशी व्यवस्था आधी करावी. कॅमेरा कढईच्या डोक्यावर टांगू नये. झाकण काढताच काचेवर वाफ धरते आणि पुढचे मिनिटभर सगळे धुके दिसते. बाजूने, तिरपा ठेवलेला कॅमेरा बरा.

तारीख ठरवताना आजूबाजूचा आवाजही लक्षात घ्यावा. गणेशोत्सवात, आणि विशेषतः अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात त्या रात्री, इंदुरात शहराच्या मध्यभागी राहणाऱ्याने थेट प्रक्षेपणाचा विचारही करू नये.

नववी पायरी : तालीम

तालीम दोनदा करावी. पहिली कॅमेऱ्याशिवाय, पण खऱ्या कढईसह आणि पूर्ण बोलण्यासह. या तालमीत खण कमीजास्त होतात आणि कार्डांवरील मिनिटे बदलावी लागतात. दुसरी तालीम यूट्यूबवरच, पण लिंक असलेल्यांनाच दिसेल अशा सेटिंगवर घ्यावी आणि परगावच्या एखाद्या नातेवाइकाला पाहायला बसवावे, म्हणजे विलंब किती आहे हे प्रत्यक्ष कळेल. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणाची सोय पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि मोबाइलवरून प्रक्षेपण करायचे तर चॅनेलला किमान ५० सदस्य असावे लागतात. हे दोन्ही शनिवारी दुपारी लक्षात आले, तर इलाज उरत नाही.

दहावी पायरी : समारोप आणि मुद्रण

प्रश्नोत्तरांत वर्गाविषयीचे आणि कृतीविषयीचे प्रश्न आलटून पालटून घ्यावेत. भाच्याला तशा चिठ्ठ्या लावून ठेवायला सांगावे. ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नाही, त्यावर लांबण लावू नये. सदतिसाव्या मिनिटाला, प्रश्न शिल्लक असले तरी, थांबावे आणि समारोप शब्दशः म्हणावा: “कीस झाला आहे आणि निवायच्या आत खाल्ला पाहिजे. वर्ग रविवार, ३० ऑगस्टपासून, सहा रविवार, शुल्क २,४०० रुपये, नावनोंदणी गुरुवार, २७ ऑगस्टपर्यंत, लिंक पिन केलेल्या टिप्पणीत. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे शनिवारी, २२ ऑगस्टच्या रात्री टिप्पण्यांतच लिहीन. येते.”

या वाक्यांत ‘उद्या’, ‘परवा’, ‘पुढच्या आठवड्यात’ असा शब्द कोठेही नाही. मुद्रण पाहणारा मंगळवारी पाहत असेल आणि त्याचा ‘उद्या’ वेगळा असेल, म्हणून संपूर्ण संहितेतील असे शब्द शोधून त्यांच्या जागी वार आणि तारीख घालावी.

प्रक्षेपण थांबवल्यावर ते खरोखर थांबले आहे, हे दुसऱ्या मोबाइलवर पाहून खात्री करावी आणि मगच घरात बोलायला सुरुवात करावी. त्यानंतर संहितेतील खणांच्याच वेळा मुद्रणाच्या वर्णनात लिहून टाकाव्यात. यूट्यूब त्यांचे प्रकरणांत रूपांतर करते, मात्र पहिली नोंद ०:०० ची असावी लागते, नोंदी किमान तीन असाव्या लागतात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा असावा लागतो. हे आकडे वर्णनात मात्र इंग्रजी अंकांतच टाकावेत. ज्याला फक्त कीस पाहायचा आहे तो सातव्या मिनिटावर जाईल आणि ज्याला शुल्क हवे आहे तो सोळाव्यावर. २७ ऑगस्टनंतर नावनोंदणी बंद झाली की पिन केलेली टिप्पणी बदलून तसे लिहावे आणि लिंक काढून टाकावी.